बँडवरची पावलं आणि खरं चाललेलं अंतर

प्रश्न : माझी उंची १५८ सेंमी आहे. मुलाने आधी वापरलेला मनगटावरचा बँड आता मी वापरते. काल दिवसभरात ८,४६० पावलं आणि ६.४ किमी दिसले. त्यातली ४,७०० पावलं सकाळच्या फिरण्याची, बाकीची घरातली आणि कामावरची. फिरताना ४०० मीटरच्या ट्रॅकवर ४ फेऱ्या मारल्या, त्याला २२ मिनिटं लागली. तेवढ्यात २,४८० पावलं झाली आणि बँडने १.८७ किमी दाखवले. चार फेऱ्यांचे १.६ किमीच होतात ना? मग चूक पावलांची की अंतराची? आणि माझ्यासाठी १०,००० पावलं म्हणजे नेमके किती किलोमीटर?

उत्तर : पावलांचा आकडा बहुधा बरोबर आहे, चूक अंतरात आहे. तुमच्या बँडने अंतर मोजलेलं दिसत नाही. त्याने पावलं मोजली आणि त्यांना एका ठरावीक लांबीने गुणलं. ही लांबी तुमच्या पावलाची नाही. कालचं तुमचं खरं चालणं साडेचार ते पाच किलोमीटरच्या दरम्यान असावं. हे मी कशावरून म्हणते ते तुम्हीच दिलेल्या आकड्यांवरून दाखवते. तुम्ही ट्रॅकवरची पावलं लिहून ठेवलीत म्हणून हे शक्य झालं. माझ्याकडे चालीच्या तपासणीसाठी येणारे बहुतेक जण फक्त दिवसाची बेरीज सांगतात आणि तिच्यावरून फारसं काही कळत नाही.

आधी बँडने वापरलेली लांबी शोधू. दाखवलेल्या अंतराला पावलांनी भागलं की ती मिळते. ट्रॅकवर १,८७० मीटर भागिले २,४८० पावलं, म्हणजे ७५.४ सेंमी. दिवसभराच्या आकड्यात ६,४०० मीटर भागिले ८,४६०, म्हणजे ७५.६ सेंमी. किलोमीटरचे आकडे पडद्यावर एक-दोन दशांश स्थळांपर्यंत काटछाट करून दिसतात, त्यामुळे तेवढा फरक सोडून द्या. दोन्हीकडे साधारण साडेपंचाहत्तर सेंटिमीटरच आले. ट्रॅकवर झपझप चालताना आणि घरात एका खोलीतून दुसरीत जाताना कोणाचंही पाऊल सारख्याच लांबीचं पडत नाही. म्हणजे हा बँड प्रत्येक पावलाला एकच लांबी लावतोय.

ही लांबी त्याला कुठून मिळाली? पावलाची लांबी वेगळी सांगितली नसेल तर अशी यंत्रं सहसा उंचीवरून अंदाज बांधतात. बाईची उंची गुणिले ०.४१३ आणि पुरुषाची उंची गुणिले ०.४१५ हे त्यासाठी सर्रास वापरले जाणारे गुणक आहेत. हेच गणित उलटं करा. साडेपंचाहत्तर भागिले ०.४१५ केलं की साधारण १८२ सेंमी येतात. तुमच्या मुलाची उंची याच्या आसपास असेल, तर अॅपच्या प्रोफाइलमध्ये त्याचीच उंची अजून नोंदलेली आहे आणि बँड तुम्हाला मुलाच्या पावलांनी चालवतोय असं समजायला हरकत नाही. हातातला बँड बदलला तरी अॅपमधलं नाव, उंची आणि लिंग आपोआप बदलत नाही. बँडचं अंतर पटत नाही अशी तक्रार आली की मी आधी प्रोफाइल उघडायला सांगते.

आता पावलांचा आकडा बहुधा बरोबर का, ते सांगते. त्यासाठी बँड नेमकं काय मोजतो हे माहीत हवं, कारण त्याला पाय दिसत नाहीत.

जुन्या, कमरेला लावायच्या यंत्रात स्प्रिंगवर टांगलेली एक छोटी दांडी असायची. प्रत्येक पावलाला शरीर थोडं वर-खाली होतं, त्या हिसक्याने दांडी हलायची आणि आकडा एकाने पुढे सरकायचा. आजच्या बँडमध्ये आणि मोबाइलमध्ये दांडीऐवजी त्वरणमापक चिप असते. ती तिन्ही दिशांचा हिसका सेकंदाला अनेक वेळा मोजते. त्याचा आलेख काढला तर चालताना ठरावीक अंतराने उंचवटे दिसतात. यंत्रातला प्रोग्राम ते उंचवटे मोजतो, पण सरसकट सगळे नाही. फार बुटका उंचवटा तो सोडून देतो. दोन उंचवट्यांमधला वेळ माणसाच्या चालण्यात बसण्यासारखा नसेल तरी सोडून देतो. शिवाय बरेच प्रोग्राम सुरुवातीची काही पावलं एका तालात पडेपर्यंत थांबतात आणि खात्री झाली की ती मागची पावलं एकदम जमा करतात. चालायला लागल्यावर आकडा काही क्षण हलत नाही आणि मग अचानक आठ-दहाने उडी मारतो, हे तुम्ही पाहिलं असेल. त्याचं कारण हेच.

मनगटावर हे काम आणखी अवघड होतं. कमरेला प्रत्येक पावलाचा एक हिसका बसतो, पण हात दोन पावलांत मिळून एकदाच पुढे जाऊन मागे येतो. म्हणून मनगटावरच्या बँडला हाताचा झोका आणि पायाचा वरपर्यंत पोहोचणारा धक्का अशा दोन वेगळ्या खुणांमधून पावलं शोधावी लागतात. हात मोकळे सोडून, बऱ्यापैकी वेगाने, न थांबता चाललं की दोन्ही खुणा ठळक असतात आणि मोजणी चांगली जमते. ट्रॅकवर तुम्ही तशाच चाललात. ढकलगाडी किंवा बाबागाडी धरली, हात खिशात ठेवला किंवा जड पिशवी उचलली की झोका जातो आणि पावलं गळतात. उलट बसल्या जागी हाताने तालात केलेलं काम पावलं म्हणून जमा होऊ शकतं. ताशी तीन किलोमीटरपेक्षा हळू चालणाऱ्यांची मोजणीही बिघडते, कारण उंचवटेच बुटके होतात. जुन्या स्प्रिंगच्या यंत्रांत हा दोष फार मोठा होता. नव्या यंत्रांत तो कमी झालाय, पण गेलेला नाही. वाकून, पाय घासत चालणाऱ्या वयस्कर माणसाच्या मनगटावरच्या बँडने अर्धीच पावलं पकडलेली मी पाहिली आहेत. अशा माणसाला बँड घोट्याला बांधायला सांगितलं की आकडा बराच सुधारतो.

पावलं बरोबर मोजली जातायत का, हे तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत. स्थिर उभं राहून बँडवरचा आकडा लिहून घ्या. नेहमीच्या चालीने २०० पावलं चाला. दोन्ही पाय मोजत बसू नका, त्यात गडबड होते. फक्त उजवा पाय टेकला की एक, असं शंभरपर्यंत मोजा. मग थांबा, आकडा स्थिरावायला काही सेकंद द्या आणि परत वाचा. जपानमध्ये अशा यंत्रांसाठी जे औद्योगिक मानक आहे, त्यात चुकीची मर्यादा ३ टक्के धरली आहे, म्हणजे २०० पावलांना ६. तुमचा फरक त्याच्या आत राहिला तर मोकळ्या चालण्यापुरती मोजणी विश्वासाची समजा. हीच चाचणी अगदी सावकाश चालीने आणि हातात पिशवी घेऊन करून पाहा. कोणत्या वेळेचे आकडे धरायचे आणि कोणते सोडायचे, हे तुमच्याच बँडबद्दल कळेल.

आता तुमचं खरं पाऊल. १,६०० मीटर भागिले २,४८० पावलं म्हणजे ६४.५ सेंमी. उंचीच्या गुणकाने ते १५८ गुणिले ०.४१३, म्हणजे ६५.३ सेंमी येतं. दोन्ही आकडे इतके जवळ आले हा तुमच्या बाबतीतला योगायोग आहे, सगळ्यांचं असं होत नाही. एकाच उंचीच्या दोन माणसांत पायांची लांबी वेगळी असते, चालायची ढब वेगळी असते, कोणाचा गुडघा दुखत असतो. त्यामुळे उंचीवरून काढलेली लांबी दहा टक्क्यांनी चुकली तरी मला नवल वाटत नाही. मोजलेलं पाऊल हाती असेल तर उंचीचा गुणक बाजूला ठेवावा.

मात्र तुमच्या ट्रॅकच्या आकड्याबद्दल एक गोष्ट तपासा. तुम्ही कोणत्या लेनमधून चाललात? ४०० मीटर हे अंतर सर्वांत आतल्या लेनचं असतं, तेही आतल्या कडेपासून ३० सेंमी बाहेरच्या रेषेवर मोजलेलं. प्रमाण ट्रॅकची लेन १.२२ मीटर रुंद असते, त्यामुळे बाहेरच्या प्रत्येक लेनगणिक फेरी सात-साडेसात मीटरने वाढत जाते. चौथ्या लेनची फेरी सुमारे ४२२ मीटर होते. पळणाऱ्यांना आतली लेन मोकळी ठेवावी म्हणून चालणारे बऱ्याचदा बाहेरून चालतात. तुम्ही चौथ्या लेनमधून चालला असाल तर चार फेऱ्यांचे सुमारे १,६९० मीटर झाले आणि तुमचं पाऊल ६८ सेंमीचं ठरतं. पण बँड बरोबर होता असा निष्कर्ष त्यातूनही निघत नाही. अगदी आठव्या लेनमधून चाललात तरी चार फेऱ्या सुमारे १,८१२ मीटरच्या होतात, १,८७० च्या नाहीत. पुढचं गणित मी आतली लेन धरून करते. लेन वेगळी असेल तर ६४.५ च्या जागी तुमचा आकडा घाला.

पाऊल मोजायला ट्रॅक मिळाला नाही तर मोजलेल्या अंतराचा कुठलाही सपाट, सरळ रस्ता चालतो. पण अंतर निदान दोन-तीनशे मीटर असावं. घरात टेप पसरून दहा पावलं मोजण्याची पद्धत मला पसंत नाही. पहिली एक-दोन पावलं वेग घेण्यात जातात, शेवटची थांबण्यात, आणि आपण मोजमाप करतोय हे लक्षात असलं की माणूस नकळत लांब टांगा टाकतो. त्याच सपाट रस्त्यावर दोन-तीनशे मीटर चाललात तर मोजमापाचं भान सुटतं आणि पाय आपल्या सवयीवर येतात. टेपने मोजायचंच असेल तर एका पायाच्या टाचेपासून दुसऱ्या पायाच्या टाचेपर्यंत मोजा. बरेच लोक मागच्या पायाच्या बोटांपासून पुढच्या पायाच्या टाचेपर्यंतची मोकळी जागा मोजतात. त्यात पाऊलभर लांबीच गळते आणि पस्तीस-चाळीस सेंमी असं अशक्य उत्तर येतं.

अॅपमध्ये ही लांबी भरताना एक घोळ होतो. काही ठिकाणी ती Step length म्हणून मागतात, काही ठिकाणी Stride length म्हणून. चालीच्या शास्त्रात पहिली म्हणजे एका पावलाची लांबी, आणि दुसरी म्हणजे त्याच पायाच्या टाचेपासून पुन्हा त्याच पायाच्या टाचेपर्यंतची, म्हणजे दोन पावलांची. पण बऱ्याच अॅपमध्ये Stride length लिहूनही एका पावलाचीच लांबी अपेक्षित असते. वाद घालण्यापेक्षा करून पाहा. ६५ भरा आणि ट्रॅकची एक फेरी मारा. ०.४ किमीच्या आसपास दिसलं तर काम झालं. ०.२ दिसलं तर त्या अॅपला दोन पावलांची लांबी हवी आहे, मग १२९ भरा.

तरीही ६४.५ सेंमी हे तुमचं पाऊल फक्त त्या चालीचं आहे, हे ध्यानात ठेवा. तुम्हाला १,६०० मीटरला २२ मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला सुमारे ११३ पावलं आणि ताशी साधारण ४.४ किमी वेग. वेग कमी केला की आपण नुसती पावलं सावकाश टाकत नाही, ती आखूडही टाकतो. निरोगी प्रौढ माणसाच्या सपाट जमिनीवरच्या सहज चालीत या दोन्ही गोष्टी साधारण एकाच प्रमाणात बदलतात. पावलाची लांबी भागिले मिनिटाची पावलं हे गुणोत्तर त्या माणसापुरतं बरंचसं स्थिर राहतं. तुमच्याबाबतीत बोलायचं तर मिनिटाला ११३ ऐवजी ९५ पावलं पडायला लागली, तर पाऊल ६४.५ वरून ५४ सेंमीच्या आसपास येईल. म्हणजे ताल सोळा टक्क्यांनी उतरला तर वेग एकोणतीस टक्क्यांच्या आसपास उतरतो, ताशी ३.१ किमीपर्यंत. म्हणून झपझप चाललेली १,००० पावलं ६४५ मीटर नेतात आणि मैत्रिणीशी गप्पा मारत रमतगमत टाकलेली तेवढीच पावलं साडेपाचशेही नेत नाहीत. दोन्ही वेळा बँडवरची पावलं सारखीच दिसतात. चढ, पायऱ्या आणि दुखरे सांधे असले की हे गुणोत्तर लागू पडत नाही, तिथे वेगळं मोजावं लागतं. धावण्याची तर गोष्टच वेगळी. धावताना दोन्ही पाय क्षणभर जमिनीपासून सुटतात, पाऊल बरंच लांबतं, त्यामुळे चालण्याची लांबी धावण्याला लावू नये.

घरातल्या पावलांचं काय करायचं? माझ्या मते सगळ्यात जास्त अंतर इथेच फुगतं. घरात किंवा कामाच्या जागी आपण चार पावलं जातो, वळतो, बाजूला सरकतो, थांबतो. ही पावलं आखूड असतात आणि वळताना टाकलेली कित्येक पावलं पुढे नेतच नाहीत. त्यात बँड काही खरी पावलं ताल न जमल्यामुळे सोडतो आणि काही हाताच्या हालचाली पावलं म्हणून धरतो. या दोन चुका एकमेकींना किती कापतात ते माणसागणिक वेगळं असतं. अशा पावलांसाठी मी ४० ते ५० सेंमी धरते. तुम्हाला आपला आकडा हवा असेल तर घरातल्या नेहमीच्या सर्वांत लांब वाटेचं अंतर टेपने मोजा. काही काम करता करता त्या वाटेने जा आणि पावलं मोजा. समजा ९ मीटरला १९ पावलं पडली, तर ४७ सेंमी. मुद्दाम चालून पाहिलंत तर आकडा मोठा येईल, म्हणून काम चालू असतानाच मोजायला सांगतेय.

आता कालचा दिवस मांडू. फिरण्याची ४,७०० पावलं गुणिले ६४.५ सेंमी म्हणजे सुमारे ३.०३ किमी. उरलेली ३,७६० पावलं ४५ सेंमीने धरली तर १.६९ किमी. बेरीज ४.७ किमी. घरातलं पाऊल ४० धरलं तर बेरीज साडेचारवर येते, ५० धरलं तर ४.९ वर जाते. म्हणून सुरुवातीला मी साडेचार ते पाच म्हटलं. फिरण्याचा भाग मी छातीठोकपणे सांगते, कारण त्यामागे ट्रॅक आहे. घरातला भाग अंदाजच आहे. तो दशांशात लिहिला तरी अंदाजच राहतो, तेव्हा त्याच्यावर फार विसंबू नका. बँडच्या ६.४ किमीत सुमारे पावणेदोन किलोमीटर जास्तीचे होते. त्यातले अर्धा किलोमीटर फिरण्यात वाढले आणि सव्वा किलोमीटरच्या आसपास घरातल्या पावलांत.

यावरून तुमच्या १०,००० पावलांचं उत्तर दोन प्रकारे देता येतं. सगळी पावलं ट्रॅकवरच्या चालीने टाकलीत तर ६.४५ किमी. कालच्यासारखा फिरणं आणि घरकाम मिळून दिवस असेल तर साडेपाच-पावणेसहा किमी. तोंडपाठ ठेवायचा आकडा हवा असेल तर फिरण्यासाठी १ किमी म्हणजे १,५५० पावलं हा ठेवा. सगळीकडे १,२५० किंवा १,३०० पावलांचा किलोमीटर सांगितला जातो. तो तुमच्यापेक्षा बऱ्याच उंच माणसाचा आहे. १८२ सेंमी उंचीच्या माणसाला उंचीच्या गुणकाने सुमारे १,३२५ पावलं लागतात. तुम्ही दोघं एकाच वाटेने शेजारी शेजारी एक किलोमीटर चाललात तर तुमची त्याच्यापेक्षा सव्वादोनशे पावलं जास्त भरतील. म्हणून घरातल्या घरात पावलांची चढाओढ लावली तर बुटक्या माणसाला आयता फायदा मिळतो, आणि अंतराची लावली व पावलाची लांबी चुकीची असली तर तो फायदा कोणालाही मिळू शकतो. आणि १०,००० हा आकडाही मोजमापातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये एक कंपनी कमरेला लावायचं यंत्र बाजारात आणत होती, तिने यंत्राच्या नावातच हा आकडा घातला, तिथून तो पसरला. तुमच्या पावलाशी किंवा अंतराशी त्याचा काही संबंध नाही.

मोबाइलच्या जीपीएसने ताळा करावा का, असा पुढचा प्रश्न येईल. करावा, पण ट्रॅकवर नाही. जीपीएस थोड्या थोड्या वेळाने तुमची जागा टिपतो आणि ते ठिपके जोडून लांबी काढतो. प्रत्येक ठिपका काही मीटर इकडेतिकडे पडू शकतो. गोल ट्रॅकवर वळणाचा कोपरा कापला गेला तर अंतर कमी दिसतं. उंच इमारतींच्या किंवा दाट झाडांच्या मध्ये ठिपके नागमोडी पडले तर ते वाढतं, आणि चाल सावकाश असेल तर ही नागमोड जास्त भोवते. जीपीएसने पाऊल काढायचं असेल तर उघड्या आकाशाखालचा, कमी वळणांचा दोन-तीन किलोमीटरचा रस्ता निवडा. एकाच चालीने चाला आणि त्या वेळातली पावलं बँडवरून घ्या. त्याचं उत्तर ६४.५ पासून दोन-तीन सेंमीच्या आत आलं तर ट्रॅकचा आकडाच कायम ठेवा. फरक जास्त निघाला तर मी आधी लेनचा विचार करीन, मग त्या दिवशीच्या चालीचा.

आता तुम्ही काय बदलायचं ते सांगते. प्रोफाइलमध्ये उंची १५८ आणि लिंग स्त्री करा. एवढ्याने बँड ६५.३ सेंमी धरू लागेल आणि फिरण्याच्या अंतरातली चूक टक्का-सव्वा टक्क्यावर येईल. पावलाची लांबी वेगळी भरायची सोय असेल तर ६४ किंवा ६५ भरा, अर्ध्या सेंटिमीटरने काही बिघडत नाही. जुन्या दिवसांचे किलोमीटर बहुतेक अॅप नव्याने काढत नाहीत, त्यामुळे मागच्या नोंदी फुगलेल्याच राहतील. त्यांतल्या फिरण्याच्या अंतराला ०.८५ ने गुणा. काल फिरण्याचे बँडने ३.५५ किमी धरले असणार, ते असे गुणले की ३.०२ येतात, आपण पावलांवरून काढलेल्या ३.०३ च्या अगदी शेजारी. मागच्या दिवसांची घरातली पावलं किलोमीटरमध्ये बदलायच्या फंदात पडू नका, ती पावलं म्हणूनच राहू द्या.

पायात वेगळ्या प्रकारचे बूट आले, गुडघा किंवा टाच दुखायला लागली, किंवा फिरण्याचा वेग बदलला असं जाणवलं, की ट्रॅकच्या दोन फेऱ्या मारून पावलं पुन्हा मोजा. आत्ताच्या चालीने आतल्या लेनमध्ये त्या दोन फेऱ्यांना १,२४० पावलं पडायला हवीत. हवा, थकवा, सोबत यांनी वीस-तीस पावलांचा फरक पडतोच. आकडा १,३०० च्या पुढे जाऊ लागला तर तुमचं पाऊल ६१-६२ सेंमीवर आलं आहे. तेव्हा अॅपमधली लांबी बदला, आणि चाल मुद्दाम सावकाश केलेली नसतानाही तसं होत असेल तर पाऊल का आखडलं ते फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या.